तुपाच्या डब्याचा फोटो: काय वाचायचे, काय गृहीत धरायचे नाही

सणासुदीचे दिवस जवळ आले की सोसायटीच्या, कार्यालयाच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक फोटो हमखास फिरू लागतो. पिवळ्या पत्र्याचा चौकोनी डबा, त्यावर गाय, पितळी लोटी, हिरवे शिवार आणि ठळक अक्षरांत ‘शुद्ध’. खाली दोन ओळी: दुकानातल्या भावापेक्षा एक तृतीयांश स्वस्त, दहा डब्यांची मागणी झाली की घरपोच. गटातले कोणी तरी लिहिते, ‘मागच्या वर्षी घेतले होते, छान आहे.’ तेवढ्यावर मागणी नोंदवली जाते. पैसे दिले जातात ते फोटो पाहून. म्हणून त्या फोटोत काय वाचायचे असते आणि फोटो कशाची खात्री देऊच शकत नाही, हे माहीत असलेले बरे.

डब्याचा दर्शनी भाग ही जाहिरात असते. माल काय आहे, कोणी भरला, किती भरला आणि केव्हा भरला, ही माहिती बहुधा मागच्या किंवा बाजूच्या पत्र्यावर आणि झाकणाजवळ असते. विकणारा पुढून फोटो काढतो, त्यामुळे ग्राहकापर्यंत फक्त जाहिरात पोहोचते. पहिली मागणी करायची ती याच गोष्टीची: डब्याच्या चारही बाजू, वरचा भाग आणि बॅच क्रमांक यांचे समोरून, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढलेले फोटो. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. साधा फोटो पाठवताना व्हॉट्सॲप त्याचा आकार कमी करते, बारीक अक्षरे पुसट होतात आणि नेमके वाचायचे तेच वाचता येत नाही. असे फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर पुढची तपासणी करण्याची गरजच उरत नाही.

समजा, फोटो आले. सर्वांत आधी ब्रँडचे नाव नव्हे, तर पदार्थाचे नाव शोधायचे. ही दोन वेगळी नावे असतात. ब्रँडचे नाव काहीही ठेवता येते. पदार्थाचे नाव मात्र आत जे आहे तेच सांगणारे असावे लागते. कायद्याच्या व्याख्येत तूप म्हणजे केवळ दुधापासून किंवा दुग्धजन्य पदार्थांपासून काढलेला स्निग्ध पदार्थ. त्यात दुधाचा स्निग्धांश किमान 99.5 टक्के असावा लागतो. वरून रंग किंवा स्वाद घालण्याला परवानगी नाही. आपल्या उदाहरणातल्या डब्यावर पुढे ‘शुद्ध’ आहे, गाय आहे, पण ‘तूप’ किंवा ‘घी’ हा शब्द कुठेच नाही. बाजूच्या पत्र्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिले आहे, ‘इंटरएस्टरिफाइड व्हेजिटेबल फॅट’. म्हणजे वनस्पती तेलांवर प्रक्रिया करून घट्ट केलेला पदार्थ. काही डब्यांवर ‘वनस्पती’, ‘बेकरी शॉर्टनिंग’ किंवा ‘कुकिंग मीडियम’ असे शब्द आढळतात. यांपैकी कोणतेही तूप नाही. मराठीत तर गोंधळ आणखी वाढतो, कारण आपण डालड्यालाही सवयीने ‘वनस्पती तूप’ म्हणत आलो आहोत. त्या जोडशब्दातला ‘तूप’ कानाला ऐकू येतो, ‘वनस्पती’ निसटून जातो.

इथे हिरवा ठिपका मदतीला येत नाही. हिरव्या चौकटीतला हिरवा गोल म्हणजे शाकाहारी, एवढेच. तूपही शाकाहारी, पाम तेलही शाकाहारी. मदत होते ती घटकांच्या यादीची आणि पोषण तक्त्याची. घटकांत पाम तेल, इमल्सिफायर, कृत्रिम स्वाद असे काही असेल तर प्रश्न तिथेच संपतो. तक्त्यात कोलेस्टेरॉलची ओळ पाहावी. कोलेस्टेरॉल प्राणिजन्य पदार्थांत असते, वनस्पतीजन्य तेलात जवळजवळ नसतेच. शंभर ग्रॅम तुपात ते साधारण अडीचशे ते तीनशे मिलिग्रॅम असते. ‘शुद्ध तूप’ म्हणवणाऱ्या डब्याच्या तक्त्यात कोलेस्टेरॉल शून्य लिहिले असेल, तर एक तर तक्ता खोटा आहे किंवा तूप. उलट शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे मिरवले जाते, तेव्हा त्यात विशेष काहीच नसते. तेलाच्या बाबतीत आणखी एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘डबल रिफाइंड’, ‘सुपर रिफाइंड’, ‘कोलेस्टेरॉल फायटर’ असे फुगवलेले शब्द खाद्यतेलाच्या वेष्टनावर वापरण्यास अन्न सुरक्षेचे नियम मनाई करतात. ते शब्द मोठ्या अक्षरांत छापणारा उत्पादक बाकीचे नियम काटेकोर पाळत असेल, असे मानण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट चौदा अंकी क्रमांकाची. प्रत्येक पॅकबंद अन्नावर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे चिन्ह, म्हणजे ‘एफएसएसएआय’ ही अक्षरे आणि त्याखाली चौदा अंक असतात. हे चिन्ह दर्जाचे प्रशस्तिपत्र आहे असा सर्वसाधारण समज आहे. तसे ते नाही. व्यवसायाला परवाना किंवा नोंदणी आहे, एवढेच ते सांगते. अंकांना मात्र अर्थ असतो. पहिला अंक 1 असेल तर परवाना, 2 असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचा संकेतांक 15, तर केंद्रीय परवान्यासाठी 00. त्यापुढचे दोन अंक वर्षाचे. म्हणजे 11522 ने सुरू होणारा क्रमांक 2022 मध्ये महाराष्ट्रात दिलेल्या परवान्याचा. आपल्या डब्यावरचा क्रमांक 2 ने सुरू होतो आणि अंक तेराच आहेत. राज्यभर माल पुरवतो असे सांगणारा कारखानदार लहान व्यावसायिकाच्या नोंदणीवर चालावा आणि छपाईत एक अंक गळावा, हे दोन्ही योगायोग एकाच वेळी घडणे अवघड आहे.

अंक बरोबर चौदा असले तरी तेवढ्यावर थांबू नये, कारण क्रमांक दुसऱ्याच्या डब्यावरून उतरवून घेता येतो. प्राधिकरणाच्या foscos.fssai.gov.in या संकेतस्थळावर क्रमांक घालून तो कोणाचा आहे हे कोणालाही पाहता येते. तिथे तीन गोष्टी ताडून पाहाव्यात: परवानाधारकाचे नाव, पत्ता आणि त्याला कशाची परवानगी आहे. डब्यावरचे नाव एक आणि संकेतस्थळावरचे दुसरे असेल किंवा परवाना लोणच्याचा आणि डबा तुपाचा असेल, तर विक्रेत्याकडे खुलासा मागायला हवा. उत्पादक, भरणारा आणि विकणारा हे तिघे वेगळे असू शकतात, ते बेकायदा नाही. पण मग तसे डब्यावर लिहिलेले असते. बारकोडवर विसंबू नये. 890 ने सुरू होणारा बारकोड म्हणजे भारतात तयार झालेला माल, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्यातून क्रमांकाची नोंदणी भारतातल्या संस्थेकडे झाली एवढेच कळते, आणि पट्ट्यांची नक्कल करायला साधा प्रिंटर पुरतो.

तिसरी गोष्ट मानकचिन्हांची. ‘ॲगमार्क’ हे शेतमालाच्या प्रतवारीचे चिन्ह 1937 च्या कायद्यातून आले. त्याची मध्यवर्ती प्रयोगशाळा आपल्या नागपुरात आहे. तुपासाठी ते ऐच्छिक आहे, त्यामुळे ॲगमार्क नसलेले तूप वाईट ठरत नाही. पण चिन्ह लावले असेल तर त्यासोबत प्रत लिहिलेली हवी. तुपाच्या प्रतींना रंगही ठरलेले आहेत: विशेष प्रतीला लाल, सर्वसाधारण प्रतीला हिरवे आणि प्रमाणित प्रतीला चॉकलेटी लेबल. नुसते ‘ॲगमार्क’ हे शब्द सजावटीसारखे छापलेले, त्यांना प्रत नाही, क्रमांक नाही, असे दिसले तर सावध व्हावे. मिश्र खाद्यतेलाला मात्र ॲगमार्क बंधनकारक आहे आणि कोणती तेले किती टक्के मिसळली तेही लिहावे लागते.

‘आयएसआय’ चिन्हाची फसगत याहून सूक्ष्म आहे. मोठ्या चौकोनी डब्यांवर ते बरेचदा दिसते आणि ग्राहक समाधानाने मान हलवतो. त्या चिन्हाच्या वर बारीक अक्षरांत मानकाचा क्रमांक असतो. तो 10325 असेल, तर ते मानक तूप, वनस्पती आणि खाद्यतेलासाठीच्या 15 किलोच्या चौकोनी पत्र्याच्या डब्याचे आहे. म्हणजे प्रमाणित झाला तो पत्रा. आत काय भरले याबद्दल ते चिन्ह एक शब्दही बोलत नाही. त्याच डब्यात उद्या कोणी काहीही भरले तरी चिन्ह तसेच चमकत राहील.

आणि खरी चिंता इथेच आहे. हुबेहूब वेष्टनाचे दोन प्रकार असतात. पहिल्यात प्रसिद्ध ब्रँडसारखाच रंग, तशीच गाय आणि नावात एखाद्या अक्षराचा फेरफार असतो. ही चलाखी फोटोत पकडता येते. मूळ कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचे चित्र शेजारी ठेवावे आणि नाव एकेक अक्षर सुटे करून वाचावे. आपला डोळा ओळखीचा शब्द वाचत नाही, त्याचा आकार ओळखतो, म्हणून चूक निसटते. दुसरा प्रकार अधिक घातक: डबा अस्सल, माल नकली. उपाहारगृहे, मिठाईची दुकाने आणि केटरर यांच्याकडचे रिकामे डबे भंगारात जातात आणि त्यातले काही पुन्हा भरले जातात. एकदा वापरलेला पत्र्याचा डबा खाद्यतेल किंवा तूप भरण्यासाठी पुन्हा वापरण्यास नियमांनी मनाई केली आहे. पण अशा डब्यावरची छपाई, परवाना क्रमांक, चिन्हे सगळी खरी असतात. संकेतस्थळावरही सर्व जुळते.

असा डबा ओळखायचा तर अक्षरे सोडून पत्रा पाहावा लागतो. वरच्या बाजूचे बूच आणि त्याची कडी अखंड आहे का. डागकामाचा एखादा ठिपका बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा, ओबडधोबड आहे का. कोपऱ्यांत गंज, खरचटल्याच्या रेषा, आतून बाहेर ठोकून सरळ केलेले पोचे आहेत का. मूळ छपाईवर कागदी चिकटपट्टी लावून तारीख किंवा किंमत झाकली आहे का. बॅच क्रमांक आणि निर्मितीची तारीख ही साधारणपणे मागाहून उमटवलेली असते. ती खरवडलेली, पुन्हा छापलेली किंवा दोन ठिकाणी वेगवेगळी असेल, तर तो डबा घेऊ नये. फोटोतला बॅच क्रमांक टिपून ठेवावा आणि घरी डबा आला की तोच आहे का ते पाहावे. नमुना एका डब्याचा आणि पुरवठा दुसऱ्याचा, हा जुना प्रकार आहे.

वजनाची ओळही वाचायलाच हवी. 15 किलो आणि 15 लिटर हे डबे फोटोत सारखेच दिसतात. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण 910 ग्रॅम भरते, म्हणजे 15 लिटर तेल सुमारे साडेतेरा किलोच होते. भाव किलोचा समजून लिटरचा डबा घेतला, तर सव्वा किलोहून अधिक तेल कमी मिळाले. पॅकचे ठरावीक आकार पाळण्याचे बंधनही आता उरलेले नाही, म्हणून डबा किंवा पिशवी नेहमीच्या आकाराची दिसते यावरून वजन गृहीत धरू नये. याच ओळीच्या आसपास आणखी एक वाक्य दिसू शकते: ‘फक्त दिव्यासाठी’ किंवा ‘खाण्यासाठी नाही’. पूजेचे तूप आणि दिव्याचे तेल खाद्य मालासारख्याच वेष्टनात, त्याच फळीवर ठेवले जाते. त्यावर अन्न परवान्याचा क्रमांक नसणे हीच त्याची ओळख.

आता किमतीकडे वळू. सहा टक्के स्निग्धांशाच्या म्हशीच्या दुधापासून एक किलो तूप करायला सोळा-सतरा लिटर दूध लागते. साडेतीन टक्क्यांच्या गायीच्या दुधाचे अठ्ठावीस-तीस लिटर. साय काढलेल्या दुधाचेही पैसे येतात हे खरे, पण तो हिशेब धरूनही तूप एका मर्यादेखाली स्वस्त होऊ शकत नाही. आपल्या गावातला दुधाचा भाव माहीत असलेल्या कोणालाही हा हिशेब मांडता येतो. बाजारभावापेक्षा एक तृतीयांश स्वस्त असलेल्या डब्यातले दूध कुठून आले, हा प्रश्न फोटो पाहण्याच्याही आधी पडायला हवा.

एवढे सगळे वाचून झाल्यावरही फोटोची मर्यादा लक्षात ठेवावी लागते. फोटोवरून डबा खोटा आहे असे ठरवता येते. माल खरा आहे असे ठरवता येत नाही. घरगुती चाचण्यांचीही तीच गत आहे. तूप, साखर आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र हलवून गुलाबी रंग येतो का पाहण्याची कृती फार प्रसिद्ध आहे. तिचे मूळ बोदुआँ चाचणीत आहे, आणि तो रंग वनस्पती तुपाचा नसतो, तिळाच्या तेलाचा असतो. भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती कायद्यानेच केली. भेसळ करणाऱ्याने तिळाचे तेल नसलेले पाम तेल किंवा प्राण्यांची चरबी वापरली, तर रंग येणारच नाही आणि भेसळीचे तूप चाचणीत सुटेल. शिवाय ते आम्ल स्वयंपाकघरात हाताळण्याजोगे नाही. हातावर किंवा डोळ्यांत गेले तर भाजते. रवाळपणा, वास, थंडीत गोठणे यांचीही नक्कल करता येते. खरे उत्तर देते ती प्रयोगशाळा.

वैद्यकाच्या दृष्टीने या साऱ्याला महत्त्व का, हेही समजून घ्यायला हवे. तूप हे औषध नाही. त्यातही संपृक्त मेद भरपूर असतो. पण हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला रुग्ण चमचे मोजून खातो, तेव्हा तो डब्यावरच्या नावावर विश्वास ठेवून मोजत असतो. खाद्यतेल व मेदातील ट्रान्स फॅटची कमाल मर्यादा जानेवारी 2022 पासून दोन टक्क्यांवर आली, हा मोठा सुधार आहे. तो कायद्याने चालणाऱ्या कारखान्यापुरता. पुन्हा भरलेल्या डब्याला ना मर्यादा लागू, ना तपासणी. त्यात अनेकदा तळून काळे झालेले तेल गाळून भरलेले असू शकते.

याहून गंभीर शक्यता 1998 मध्ये दिल्लीत दिसली. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले आणि शेकडो कुटुंबे जलशोथाने आजारी पडली. साठच्या आसपास माणसे दगावली. दोन्ही पायांवर सूज, त्वचेवर लाली, धाप, क्वचित काचबिंदू अशी त्याची लक्षणे. एकाच घरातले तिघे-चौघे अशा सुजेने रुग्णालयात येतात, तेव्हा डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो तेलाचा. त्या क्षणी डब्याचा फोटो आणि बॅच क्रमांक हाती असेल, तर तेच तेल खाणाऱ्या इतर घरांपर्यंत वेळेत पोहोचता येते. सुटे तेल किंवा बेनामी डबा असेल, तर शोध तिथेच थांबतो. म्हणून डबा रिकामा होईपर्यंत लेबल आणि बिल जपून ठेवावे. शंका आली तर डबा फेकू नये, उघडला नसेल तर उघडूही नये. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात किंवा 1800-222-365 या क्रमांकावर तक्रार करावी. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुनाच न्यायालयात टिकतो.

ग्राहकाने भिंग घेऊन पत्रा वाचावा, ही अपेक्षा मात्र व्यवस्थेच्या अपयशाची कबुलीच आहे. दोन बदल सहज शक्य आहेत. लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजी किंवा हिंदीत असली तरी कायद्याला चालते. मराठी ऐच्छिक आहे. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या डब्याच्या दर्शनी भागावर पदार्थाचे कायदेशीर नाव मराठीत आणि ब्रँडच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत असावे, असा आग्रह राज्याने केंद्राकडे धरला पाहिजे. गाय पुढे आणि पाम तेल मागे, ही रचना मग टिकणार नाही. दुसरे, रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी त्याला भोक पाडणे उपाहारगृहे, केटरर आणि मिठाईवाल्यांना परवान्याच्या अटीनेच बंधनकारक करावे आणि तपासणीत अन्नासोबत रिकामे डबेही मोजावेत. चुकीच्या लेबलसाठी तीन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद 2006 च्या कायद्यात आहेच. पण पुन्हा भरलेल्या डब्यावरचे लेबल खरेच असते, म्हणून त्या कलमाचा धाक तिथे पोहोचत नाही. तो बाजार बंद करायचा तर रिकामा पत्राच निकामी करावा लागेल. घरातल्या रिकाम्या डब्यालाही एक खिळा पुरतो.